एम.एससी.ची ‘शिक्षा’!

अहो, थांबा, आधी हे ऐका! लेकीच्या स्थळासाठी मी चक्क हिंदीत बायोडाटा लिहिलाय! मी! जिचं हिंदी टीव्हीवरच्या मालिकांपलीकडे गेलेलं नाही! मुलगा कानपूरचा, त्याच्या आईवडिलांना मराठी येत नाही, आणि लेक म्हणाली, “आई, तूच लिही.” बसले!

पहिल्याच ओळीला हात अडखळला. “शिक्षा: एम.एससी.” काय गुन्हा केला हो पोरीनं? पण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षणच! आणि मग वाटलं, शब्द तर आपलेच आहेत, सोपं आहे की, आणि मग झोकात लिहून टाकलं, “पत्रिका मिलाना आवश्यक नहीं।” शेजारच्या वहिनी मूळच्या कानपूरच्या. त्यांना दाखवलं तर हसून हसून खाली बसल्या! नुसती पत्रिका म्हणजे तिकडे मासिक! आपली पत्रिका ती त्यांची कुंडली.

मग त्यांनी पेन हातात घेतलं. मी ऐटीत लिहिलं होतं, “हमारी सुपुत्री”. त्यांनी ‘सु’ खोडला! आपली ती पुत्री आणि समोरच्यांचा तो सुपुत्र! बघा ना, एका अक्षरात अख्खी अदब! “नौकरी करती है” गेलं, तिथे “कार्यरत है” आलं, आणि माझी पोर एकदम अधिकारी वाटायला लागली!

“मामा का गोत्र?” वहिनींनी विचारलं. अहो, मामाचं कशाला? तर तिकडे बऱ्याच घरांत आईकडचंही गोत्र टाळतात, म्हणून दोन्ही लिहायची! मी माझं माहेरचं गोत्र विसरलेली! लांज्याला भावाला फोन, त्याला आठवेना, आणि मग त्यानं काकांना उठवलं, आणि मग काका रागावले, पण गोत्र मिळालं!

खरी पंचाईत पुढेच. मी पाहिलेल्या प्रत्येक नमुन्यात “गृहकार्य में दक्ष” होतं. आमची दक्ष? कुकरची शिट्टी मोजताना चुकते! शेवटी लिहिलं, “रसोई सीख रही है।” खरं आणि गोडही! आणि मासे? “मांसाहारी” हा शब्द कागदावर केवढा आडदांड दिसतो! वहिनींनी सुचवलं, “कोंकण का परिवार है, घर में मछली बनती है।” वाचूनच भूक लागली हो! नको असेल त्यांना तर आत्ताच कळू दे, साखरपुड्यानंतर बांगड्यावरून रडारड नको. ही ओळ मी काढणार नाही म्हणजे नाही!

शेवटी “फोटो सहित संपर्क करें” लिहिलं आणि त्याआधी “कृपया” घातलं. मी काही हिंदीची पंडित नाही, निम्मं काम वहिनींचंच. पण तुमच्याकडे तिकडचं स्थळ आलं असेल ना, तर आज संध्याकाळीच मामांना फोन लावा आणि गोत्र विचारून ठेवा. काका झोपायच्या आत!