सही करण्याआधी

आमचे भाऊजी सरकारी खात्यात ड्रायव्हर. पक्षाघातानं उजवा हात लुळा पडला. आठ महिन्यांच्या रजेनंतर ऑफिसनं स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला. जाऊबाई म्हणाल्या, "पेन्शन मिळतंय ना, मग करू देत सही." मी म्हटलं, थांबा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं, की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरं द्यायचं. तशी जागा नसेल, तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचं. पेन्शन दिली म्हणून हा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच, जुन्या कायद्याखाली, पाय गमावलेल्या कुणाल सिंग यांच्या खटल्यात सांगितलंय.

पण स्वतःहून निवृत्ती मागितली, की "आम्ही कुठे काढलं?" म्हणायला ऑफिस मोकळं.

भाऊजींनी सही केली नाही. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढला, तो जोडून दुसऱ्या कामासाठी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आता ते आवक-जावकच्या टेबलावर बसतात, पगार तोच. खाजगी कंपनीला मात्र हे कलम लागू नाही, तेवढं ध्यानात असू द्या.