दिवाळीचं कॅलेंडर, मागून पुढे

डोंबिवली, १० ऑगस्ट २०२५
लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, वसुबारस १७ला. रीलच्या तारखा ठरवायला मी तिथून मागे मोजत आले. डबे वसुबारसेच्या आधी पोहोचायचे, म्हणजे तळण १० ते १६. दिवसाला आठ किलोच्या वर चकली आमच्याकडून होत नाही. सात दिवसांची ५६ किलो, संपलं. त्यामुळे ‘ऑर्डर सुरू’ घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, आणि ‘ऑर्डर बंद’ ५ ऑक्टोबरला.

अडचण परदेशातल्या पार्सलची. त्यांची चकली वेगळी, आधी तळून सप्टेंबरअखेर निघायला हवी, आणि त्याआधीचा पंधरवडा पितृपक्षाचा. सासूबाई म्हणाल्या, “पक्षात नवं काही सुरू करू नकोस गं.” श्रद्धा बाजूला ठेवली, तरी त्या दिवसांत गिऱ्हाईक हात आखडतंच. म्हणून परदेशाचा व्हिडिओ गौरी आवाहनाला, ३१ ऑगस्टला. घरोघरी माणसं जमलेली असतात, परदेशातल्या मुलांना व्हिडिओ कॉल चालू असतात.

२४ ऑगस्ट
अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली जकातमाफी २९ तारखेपासून जाते आहे. कुरिअरवाला तिथला दर सांगायलाच तयार नाही. व्हिडिओत मात्र मी “अमेरिका, लंडन, दुबई” असं बोलून बसलेय. आवाज पुन्हा भरला: “परदेशातल्या तुमच्या माणसांसाठी”, एवढंच. देश, दर आणि तारखा कॅप्शनमध्ये. कॅप्शन नंतर बदलता येतं, टाकलेला व्हिडिओ बदलता येत नाही.

९ सप्टेंबर
पक्षात विकायचं नाही, पण चित्रीकरणाला याहून बरा काळ नाही. आज भाजणी. तांदूळ चार वाट्या, हरभराडाळ दोन, उडीदडाळ आणि मूगडाळ एकेक, धणे-जिरे. धुऊन सावलीत वाळवलेलं एकेक धान्य वेगळं भाजलं. डाळीचा रंग पालटतो तो क्षण हवा होता, पण ट्यूबलाइटखाली सगळं एकसारखं पिवळट दिसतं. शेगडी खिडकीशी नेली, सकाळचा उजेड बाजूने घेतला.

थोडी चकली नमुन्यापुरती तळली. मोडतानाचा आवाज पहिल्या दोन सेकंदांत, त्यावर गाणं नाही. फोन अगदी जवळ आणि पंखा बंद. पंख्याच्या घरघरीत कुरकुरीतपणा ऐकूच येत नाही. अक्षरं मधोमध ठेवली, खाली लिहिलं की कॅप्शन आणि बटणांखाली जातं.

२७ सप्टेंबर
चकली ५० किलो नोंदवून झाली. उरलेली सहा जुन्या गिऱ्हाइकांना. ३० तारखेचा चकलीचा व्हिडिओ काढून टाकला. जे देता येणार नाही ते दाखवलं की दिवसभर फक्त “आहे का?” याची उत्तरं देत बसायचं. त्या जागी शंकरपाळे. त्यांचं लाटण-कातण नणंद तिच्या घरी करते, माझी कढई अडत नाही.

भाजणीचा व्हिडिओ अजून लोक एकमेकांना पाठवताहेत. तो ठेवला, कॅप्शन बदललं: ‘चकलीच्या ऑर्डर बंद. भाजणीचं पीठ मिळेल, अर्धा किलोपासून.’ पिठाला तळण लागत नाही. दुपारपर्यंत चौघींनी विचारलं, त्यातल्या दोघींनी मोहनाचं प्रमाणही. ४ ऑक्टोबरला मोहनाच्या प्रमाणाचाच व्हिडिओ करावा.