मामाचा मान

आमच्याकडच्या लग्नात मामाला वगळता येत नाही. गौरीहराला नवरी बसते ती मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्री नेसून. भटजींची हाक आली की तिला बोहल्यापर्यंत घेऊन येतो तोही मामाच. त्यामुळे धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा देवापुढे पत्रिका ठेवून झाल्यावर आईने पुढची पत्रिका मामाच्या नावाने काढली आणि मी काही बोलले नाही.

मामाबद्दल माझ्या मनात जे आहे ते जमिनीचं नाही. आजोबा गेल्यावर आईने हक्कसोडपत्रावर सही केली. 2005 साली कायदा बदलल्यापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच वाटा असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माहेर तुटायला नको म्हणून ती समजून-उमजून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेली आणि सातबाऱ्यावरचा आपला हक्क सोडून आली. "ताई, तुझ्या घरच्या बऱ्यावाईटाला मी उभा राहीन," असं मामा तिथे चार माणसांत म्हणाला होता. पुढे बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात रात्री बसायला कुणीतरी हवं होतं, म्हणून आईने त्याला फोन केला. ऊसतोड चालू आहे, असं त्याने सांगितलं. ते एकवेळ खरंही असेल. पण त्यानंतर त्याने तिचा फोनच उचलला नाही, आणि बाबा घरी आल्यावर बघायलाही आला नाही. आईने ते पोटात घातलं. मला जमलं नाही.

लग्नात थोरली म्हणून दारात उभं राहायचं काम माझं. नवऱ्याने सुचवलं, तो आला की तू आत जा, मी बघतो. पण कार्यालयात टाळलेलं माणूस दिवसभर कुठे ना कुठे आडवं येतंच, आणि मग आपण टाळलं हे त्याला कळतं, शिवाय पाहुण्यांनाही. त्यापेक्षा पहिली भेट आपणच घेतलेली बरी, तीही दारातच. तिथे हातात कुंकवाचं ताट असतं, मागे माणसांची रीघ असते आणि कुणालाच फार वेळ थांबता येत नाही.

त्यासाठी मी मनाशी एवढंच ठरवलं होतं, की जे खरं नाही ते बोलायचं नाही आणि टोमणाही मारायचा नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. पण आपल्या स्वागताची निम्मी वाक्यं ठरलेली असतात आणि ती आपोआप तोंडातून जातात. 'किती बरं वाटलं तू आलास', 'तुझ्याशिवाय शोभा नव्हती', 'आता चार दिवस राहूनच जा' ही सगळी मला बाजूला ठेवायची होती. आणि ती काढल्यावर जी जागा रिकामी राहते, तिथे काय बोलायचं हे आधीच ठरवावं लागतं, नाहीतर ऐनवेळी तीच वाक्यं परत येतात.

तो मामीला घेऊन आला, खांद्याला साडीची पिशवी. मी पुढे झाले. "ये मामा. मामी, या. गाडीला जागा मिळाली का? आई आत गौरीहरापाशी आहे, तुझी वाट बघतेय." एवढंच. आई वाट बघत होती हे खरं होतं. 'आम्ही सगळे' म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. मामीला हळदीकुंकू लावलं. मामाला गंध लावताना त्याचं कपाळ माझ्या बोटाखाली होतं, घाम आलेला, आणि तो माझ्याकडे न बघता ताटाकडे बघत होता. मला वाटतं त्यालाही ही भेट लवकर उरकायची होती. लहानपणापासून मी त्याला अरे-तुरे करते, तेच चालू ठेवलं. मध्येच 'तुम्ही' सुरू केलं असतं तर मानापेक्षा बाण म्हणूनच लागलं असतं आणि दहा माणसांनी मागे वळून पाहिलं असतं.

पिशवी मी दोन्ही हातांनी घेतली. साडी उघडून पाहिली तर खरंच छान होती, हळदीच्या रंगाची, बारीक लाल काठ. "रंग छान आहे, हिला शोभेल," असं म्हणाले. न आवडणाऱ्या माणसाचीही एखादी गोष्ट मनापासून चांगली निघते, आणि ती सांगितली की बाकीचं न बोलणं फारसं खुपत नाही. माझ्याच मागे उभी असलेली चुलत वहिनी मात्र मामीच्या गळ्यात पडली, "अगंबाई, किती आठवण काढली तुमची!" तीच वहिनी पुढे तासाभरात आतल्या खोलीत मामीच्या पाटल्यांवरून काय काय बोलली ते मी ऐकलं. लोक तिला लाघवी म्हणतात.

मुहूर्ताला मामाने बहिणीला वेळेवर आणलं. अंतरपाटामागे ती उभी राहिली तेव्हा तो तिच्या मागे उभा होता, ताठ, फेटा थोडा कलता. त्याचं काम त्याने नीट केलं.

अडचण आली ती पंगतीत. मी जिलेबी वाढत होते. त्याच्या पानाशी आले तर शेजारच्या दोघा-तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "काय गं, मामावर अजून राग दिसतोय. पूर्वीसारखी बोलत नाहीस." मी ज्याची धास्ती घेतली होती ते हेच. 'छे रे, राग कसला' म्हटलं की दवाखान्याचा सगळा हिशोब तिथेच फिटला असं धरलं जाणार, तेही माझ्या तोंडून. 'हो, आहे' म्हटलं की जिलेबी हातातच राहणार आणि उद्या गावभर आईचीच चर्चा. मी म्हणाले, "आज ते नको मामा. जिलेबी वाढू?" आवाज होता तसाच ठेवला. नाकारलं नाही, उकरलंही नाही. तो क्षणभर थांबला, मग हात आडवा न धरता म्हणाला, "एकच वाढ." मी एक वाढली आणि पुढच्या पानावर गेले. शेजारी बसलेले काका मठ्ठा मागत होते, त्यांच्या काही लक्षातही आलं नाही.

फोटोवाला मात्र ऐकेना. "ताई, मामांच्या जवळ सरका, हसा." मी आईच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. फोटोत मी आहे, मामा आहे, मध्ये आई आहे. जिला त्याच्या जवळ उभं राहायचं होतं ती त्याच्या जवळ आहे.

निघताना मामा-मामीचा मानाचा आहेर मीच दिला. "साडी खरंच शोभली हिला. मुहूर्तही चुकला नाही," असं सांगितलं. मामी म्हणाली, "आता या गावाला." इथे 'येऊ की' फार पटकन निसटतं. मी म्हटलं, "आईला यायचं असेल तेव्हा मी आणून सोडेन." मामीने मान हलवली. मामा गाडीची किल्ली शोधत होता.

पुढे घरी सगळे पाहुणे गेल्यावर बहीण म्हणाली, तू मामाशी किती नीट बोललीस, मला वाटलं मिटलं सगळं. आई आहेराची पाकिटं लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नीट बोलली ती. पण बाकीच्यांना दोन-दोनदा आग्रह केलास, त्याला एकदाच विचारलंस."

"हो," मी म्हणाले.

तिने पुढचं पाकीट उघडलं आणि नाव वाचून मला वहीत लिहायला सांगितलं.