वासे कापण्याआधी

सुरतेतल्या जुन्या घरांची छपरं दुरुस्त करताना घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कौलं किती लागतील? रांदेर असो वा गोपीपुरा, बहुतेकांनी मनाशी एक हिशोब करून ठेवलेला असतो. घराची लांबी गुणिले रुंदी, भागिले कौलाचं क्षेत्रफळ. हे उत्तर नेहमीच कमी येतं, कारण त्यात दोन गोष्टी हरवलेल्या असतात. छप्पर जमिनीसारखं आडवं नसतं, आणि कौलाचा काही भाग शेजारच्या कौलाखाली कायमचा झाकलेला असतो.

रांदेरमधल्या एका घराचं उदाहरण घेतो. लाकडी सांगाड्याचं, दोन पाखी असलेलं साधं छप्पर. देशी नळिया काढून तिथं मंगलोरी कौलं घालायची होती. आढं रस्त्याला समांतर, आणि आढ्याच्या दिशेनं छप्पर ७.३० मीटर लांब. भिंतीपासून आढ्याखालच्या मध्यरेषेपर्यंतचं आडवं अंतर ३ मीटर, त्यात उंची १.७५ मीटर. भिंतीबाहेर वळचण आणखी ६० सेंटीमीटर आडवी पुढं आलेली.

पहिलं काम उताराची लांबी काढायचं. ३ चा वर्ग ९, १.७५ चा वर्ग ३.०६, बेरजेचं वर्गमूळ ३.४७. म्हणजे दर ३ मीटर आडव्या अंतराला वासा ३.४७ मीटर चालतो. वळचणीसकट आडवं अंतर ३.६० मीटर, म्हणून त्याच प्रमाणात उताराची लांबी ४.१७ मीटर. जुन्या घरात मी या आकड्यावर थांबत नाही. वाशावर टेप धरून दोन्ही टोकांना आणि मध्ये लांबी मोजतो, मग पाख्याचे दोन्ही कर्ण मोजतो. शंभर वर्षांच्या लाकडात आढं मध्ये झुकलेलं असतं, भिंती एका अंगाला सरकलेल्या असतात. इथं एका टोकाला ४.१७ मीटर आले आणि दुसऱ्या टोकाला ४.२१. हे चार सेंटीमीटर पुढं महत्त्वाचे ठरतात.

आता कौल. मंगलोरी कौलाची कल्पना मुळात फ्रान्समधली. अल्सास प्रांतातल्या आल्टकिर्श इथल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं. १८६५ साली बाझल मिशनच्या लोकांनी मंगळूरजवळ कारखाना काढला आणि त्या धर्तीचं कौल आपल्याकडं बनू लागलं. देशी नळी नुसती दुसरीवर पालथी पडते. मंगलोरी कौलाच्या कडांना खाचा असतात, पाठीवर रीपेला अडकणारे उंचवटे असतात. त्यामुळं ते हलकं बसतं आणि कमी लाकडात भागतं. पण त्याच खाचा सांगतात की कौल किती पुढं-मागं सरकू शकेल, आणि सारा हिशोब त्या सरकण्यावर उभा आहे.

भारतीय मानक ६५४ मध्ये मंगलोरी कौलाचे तीन आकार दिलेले आहेत. त्यांतला सर्वांत लहान ४१० बाय २३५ मिलिमीटरचा. एका कौलाचा दुसऱ्यावरचा चढ लांबीत किमान ६० मिलिमीटर आणि रुंदीत २५ असावा लागतो. म्हणजे छपरावर एका कौलाचा फक्त ३५० बाय २१० इतका भाग कामाला येतो. कौल विकत घेतो ते पूर्ण, पण छप्पर झाकतं ते तेवढंच, जवळजवळ तीन चतुर्थांश. चढ विसरून नुसत्या आडव्या क्षेत्रफळाला पूर्ण कौलानं भागलं तर या घराला ५४५ कौलं पुरतात असं दिसतं. उतार धरला पण चढ विसरला तर ६३२. दोन्ही धरले तर ८२८. आणि प्रत्यक्षात लागली ८४०, कारण छप्पर क्षेत्रफळानं भरत नाही, ओळींनी भरतं. अर्धी ओळ कुणी घालू शकत नाही.

म्हणून मी रुंदीचा आणि लांबीचा हिशोब वेगवेगळा करतो. आडव्या दिशेला प्रत्येक कौल २१० मिलिमीटर देतं आणि शेवटच्या कौलाची २५ ची कड उघडी राहते. ७३०० मधून २५ वजा करून २१० नं भागलं तर ३४.६ येतात, म्हणून ३५. पस्तीस कौलांची ओळ ७३७५ मिलिमीटर भरते. जादा ७५ दोन्ही कडांना निम्मे वाटले की कडेच्या फळीवर कौल पावणेचार सेंटीमीटर पुढं येतं. ते हवंच असतं, नाहीतर पाणी फळीच्या तोंडावरून आत ओघळतं.

उभ्या दिशेला मामला नाजूक आहे. खालचं कौल वळचणीच्या फळीपुढं ५० मिलिमीटर यायला हवं, म्हणजे पाणी पन्हळीत पडेल. वरचं कौल आढ्याच्या मध्यापासून ३० मिलिमीटर अलीकडं थांबतं, कारण तिथं वरून कोन्याचं कौल बसतं. म्हणून झाकायची लांबी ४१७० अधिक ५० वजा ३०, म्हणजे ४१९०. सर्वांत वरच्या कौलाची पूर्ण ४१० लांबी धरायची आणि बाकीच्या प्रत्येक ओळीचे ३५०. अकरा ओळी घातल्या तर रिपांमधलं अंतर ३७८ येतं, चढ उरतो ३२. अशा छपरात पहिल्या पावसातच पाणी येणार. बारा ओळी घातल्या तर अंतर ३४३.६ आणि चढ साडेसहासष्ट. एका पाख्याला १२ गुणिले ३५, म्हणजे ४२०. दोन पाख्यांना ८४०.

पण ३४३.६ या अंतरावर हे कौल बसेल का, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी माल उतरल्यावर अकरा कौलं सपाट जागेवर एकाखाली एक अडकवून मांडतो. आधी ती खेचून खाचा पूर्ण ताणतो आणि पहिल्या कौलाच्या माथ्यापासून अकराव्याच्या माथ्यापर्यंत मोजतो. मग सारी दाबून पुन्हा मोजतो. त्या गाडीतल्या कौलांनी ताणून ३५०० दिले आणि दाबून ३४२०. म्हणजे एका ओळीचं अंतर ३४२ ते ३५० च्या मध्ये कुठंही ठेवता येतं. त्याच्या खाली गेलं की कौल खाचेवर चढून डुगडुगतं. वर गेलं की खाच सुटते.

हे दोन आकडे हाती आले की छपराचा स्वभाव समोर येतो. बारा ओळींनी ४१७२ ते ४२६० मिलिमीटरपर्यंतची कुठलीही लांबी झाकता येते. अकरा ओळींनी ३८३० ते ३९१०. मधल्या ३९१० ते ४१७२ या पट्ट्यात या कौलानं नीट झाकेल अशी ओळींची संख्याच नाही. तिथं गवंडी वरची ओळ कापतो, किंवा अंतर ताणून चढ मारतो, आणि दोन्हीत गळतीला वाट मिळते. रांदेरच्या घरात एका टोकाला ४१९० होते, दुसऱ्या टोकाला ४२३०, दोन्ही त्या बारा ओळींच्या हद्दीत. दुसऱ्या टोकाला रिपांचं अंतर ३४७ ठेवलं. रिपा किंचित पंख्यासारख्या उघडत गेल्या, वळचण सरळ राहिली आणि वाकडेपणा कोन्याखाली झाकला गेला. लांबी ४१०० आली असती तर मी वळचण आठ सेंटीमीटर पुढं घ्यायला सांगितलं असतं. हे वासे कापण्याआधी सांगता येतं. नंतर त्यावर उपाय म्हणून फक्त कापणं उरतं.

चढ ६० च का, असं एकदा घरमालकानं विचारलं, “साहेब, पन्नास ठेवलं तर पंधरा-वीस कौलं वाचतील ना?” वाचली नसती, ओळी तरी बाराच लागल्या असत्या. शिवाय सुरतेत पाऊस सरळ पडत नाही. वर्षाचा बाराशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जून ते सप्टेंबरात येतो, तोही नैर्ऋत्येच्या वाऱ्यासह. वारा पाण्याला उताराच्या उलट वर ढकलतो, आणि चढ जितका कमी तितकं ते कौलाच्या माथ्यावरून लवकर पलीकडं पडतं. उतार कमी असेल तर पाणी संथ वाहतं आणि ढकलायला सोपं जातं. आमच्या छपराचा उतार तीस अंश निघाला, तो या कौलाला चांगला. पंचवीसच्या खाली मी मंगलोरी कौल घालत नाही. फार तर ते सजावटीला, खाली पत्रा किंवा स्लॅब असेल तरच.

आता बाकीचा माल. कोन्याचं कौल ४०० मिलिमीटर, त्यात ६० चढ, म्हणजे ३४० कामाचे. ७३७५ साठी बावीस. काचेची कौलं जितकी बसतील तितकी एकूण संख्येतून वजा. रिपा पाख्याला बारा, पण वळचणीची फळी त्यांच्यापेक्षा एका कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, कारण पहिल्या ओळीच्या कौलाखाली दुसरं कौल नसतं. ती उंच नसेल तर पहिलं कौल पुढं झुकतं आणि दुसरी ओळ त्याच्यावर नीट बसत नाही. ही गोष्ट खालून पाहून ओळखता येते: वळचणीच्या दोन ओळींमध्ये उजेडाची फट दिसते.

तूट म्हणून सरळ दोन पाख्यांच्या छपराला पाच टक्के पुरतात. ८४० ला ४२, म्हणजे ८८२. आम्ही ८९० मागवली. चौपाखी छपरात किंवा जिथं दोन उतार आतल्या बाजूला मिळून पन्हळ होते तिथं तिरकी कापणी वाढते. सारखा उतार असेल तर चौपाखी छपराचं क्षेत्रफळ दोन पाख्यांच्या छपराएवढंच असतं, त्यामुळं कौलं तितकीच लागतील असं वाटतं. पण कोपऱ्यावर कापलेला तुकडा क्वचितच दुसरीकडं वापरता येतो. तिथं मी दहा टक्के धरतो.

उरलेली कौलं परत करू नका, असा माझा आग्रह असतो. ती घराच्या माळ्यावर किंवा भिंतीला उभी ठेवा. मंगळूरचं कौल आणि मोरबीचं कौल आकाराच्या पाटीवर सारखं असलं तरी खाचा जुळतीलच असं नाही. दोन कारखान्यांच्या साच्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो, आणि तो पाणी आत यायला पुरेसा असतो. जुन्या घरात एक पाखं दुरुस्त करताना म्हणूनच एका कारखान्याची कौलं एका पाख्यावर गोळा करतो, दुसऱ्या कारखान्याची दुसऱ्या पाख्यावर. एकाच पाख्यावर मिसळत नाही.

म्हणून संख्येचा शोध छपरापाशी नाही, मालाच्या गाडीपाशी आणि वाशाच्या टोकापाशी सुरू होतो. आधी हातात येणाऱ्या कौलाची अकरा नगांची ताण-दाब मोजणी, मग ओळींची लांबी, मग वळचण किती पुढं घ्यायची याचा निर्णय, आणि मगच वाशाला करवत. या क्रमानं गेलं तर ८४० हा आकडा अंदाज राहत नाही. बाराव्या ओळीचं कौल आढ्याखाली न कापता बसतं, आणि पहिल्या पावसात घरमालक वर बघतो तेव्हा त्याला कोरडी रीप दिसते.