वीस सेंटिमीटरची फळी

स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहावेत, असा निरोप वसतिशाळेकडून आला, तेव्हा आम्हा उभयतांना मुलाच्या पदकांऐवजी त्याची एक फसलेली स्पर्धाच आठवली. त्या फसण्यात आमचा वाटा होता, म्हणून ती येथे नोंदवीत आहोत.

मुलगा सतरा वर्षांखालील गटात लांब उडीसाठी उतरत असे. सरावात सव्वापाच मीटर तो सहज ओलांडी. त्याच्या उडीवर आम्ही घरी बरेच हिशेब मांडले होते. शालेय स्पर्धांतील कामगिरीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव असतात, हे आम्हांस पाठ होते. शेतमजुरीवर चालणाऱ्या घराला असे हिशेब करावे लागतात. चूक एवढीच, की ते आम्ही मुलादेखत करीत होतो. रविवारी वसतिगृहाच्या फोनवर तो "जयभीम, पप्पा" म्हणे आणि आमचा पहिला प्रश्न असे, "किती पडली उडी?"

जिल्हास्पर्धेच्या दिवशी आम्ही मामा-मावशींसह मैदानावर गेलो आणि वाळूच्या खड्ड्याजवळच उभे राहिलो. लांब उडीत ज्या फळीवरून झेप घ्यायची, ती जेमतेम 20 सेंटिमीटर रुंद असते. पाऊल तिच्या पुढच्या कडेपलीकडे गेले की लाल झेंडी वर होते आणि उडी बाद ठरते. मुलाची धाव सोळा पावलांची होती. मन धास्तावले की धावेची लय बिघडते. दर पावलागणिक तीनच सेंटिमीटर वाढले, तरी सोळा पावलांत 48 सेंटिमीटर होतात. म्हणजे फळीच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक. पहिल्या उडीला तेच झाले. आम्ही ओरडलो, "जपून! मागून उडी मार!" दुसरीही बाद झाली. तिसऱ्या वेळी त्याने भीतीने शेवटची पावले आखडली, वेग मोडला आणि फळीच्या हातभर अलीकडूनच झेप घेतली. माप फळीच्या कडेपासून घेतात, त्यामुळे तेवढे अंतर वायाच गेले. पहिल्या आठ जणांना आणखी तीन उड्या मिळतात. त्यांत त्याचे नाव नव्हते.

सरांनी आम्हांस बाजूला नेले. धावपट्टीच्या कडेला, फळीच्या सहा पावले अलीकडे त्यांनी एक खूण केली होती. ते म्हणाले, "सरावात त्याचे पाऊल या खुणेवर पडते, आज दोनदा पुढे पडले. त्याचे तंत्र बिघडलेले नाही. प्रत्येक धावेआधी तो तुमच्याकडे पाहत होता." रात्री मुलगा आईला एवढेच म्हणाला, "फळी दिसतच नव्हती गं. मामांना काय वाटेल, तेच डोक्यात होतं."

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. फोनवर उडीचे माप विचारणे बंद केले; जेवण, झोप, मित्र यांविषयी बोलू लागलो आणि उडीचा विषय त्यानेच काढला तर ऐकू लागलो. मैदानावरून सूचना देणे सोडले. तंत्राचे बोलायचे ते एकट्या सरांनी. तिसरी गोष्ट वडिलांना जड गेली. त्यांनी मुलाला समोर बसवून सांगितले, "घराचा हिशेब आमचा आहे, तुझ्या पायांवर तो नाही." हे एकदा सांगून भागले नाही, पुढील कित्येक महिने तसे वागावे लागले.

सरांनीही सरावाची रीत बदलली. आठवड्यातून एकदा तीनच उड्या, झेंडी दाखवायला माणूस आणि भोवती आरडाओरडा करणारी मुले. प्रत्येक धावेआधी एकच क्रम: सुरुवातीच्या खुणेवर उभे राहायचे, श्वास सावकाश सोडायचा, नजर सहा पावलांच्या खुणेवर ठेवायची आणि निघायचे. छातीत धडधडले तर तो आजार नव्हे, शरीर धावण्याची तयारी करते आहे, हे त्यांनी त्याला समजावले. पहिली उडी बाद झाली तर धावेची सुरुवात वीतभर मागे न्यायची, हेही आधीच ठरले.

पुढच्या वर्षी आम्ही दूर, झाडाखाली बसलो. पहिल्या उडीला लाल झेंडी वर झाली. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. वाकून सुरुवातीची खूण मागे सरकवली. दुसरी उडी 5.31 मीटर पडली. तो चौथा आला, विभागाला गेला नाही. पण सहाही उड्या मारूनच परतला.

सगळीच भीती एवढ्याने निवळते, असे मात्र नाही. मूल अनेक आठवडे नीट झोपत नसेल, सरावाआधी वारंवार उलट्या होत असतील किंवा सराव टाळण्यासाठी रोज नवे दुखणे सांगत असेल, तर डॉक्टर वा समुपदेशकाकडे न्यावे.

त्या संध्याकाळी घरी परतताना एसटीत आम्ही उडीविषयी काहीच बोललो नाही. अर्ध्या वाटेत तोच म्हणाला, "पप्पा, तिसरी उडी बघितलीत का? पाऊल बरोब्बर फळीवर होतं."