चिठ्ठी अकरा ओळींची



हरभऱ्याला दुसरं पाणी चालू आहे, घाटे भरायला लागलेत. आज मात्र पिकावर लिहीत नाही. बांधाला बांध लागून शेत असलेल्या आमच्या भावकीतल्या एका पोराला मी दसऱ्यानंतर एक चिठ्ठी दिली होती. ती कशी लिहिली, त्यातनं काय काढलं, काय ठेवलं, तेवढंच सांगतो. त्याला विचारून लिहितोय. नाव-गाव देत नाही, तुम्हीही कमेंटमध्ये विचारू नका.

पोरगा बत्तीस वर्षांचा. घटस्थापनेच्या आधी चार दिवस त्याची बायको तापानं गेली. थोरली मुलगी दुसरीत, धाकटा साडेतीन वर्षांचा. घरात म्हातारी आई, तिला रातांधळं. शेती अडीच एकर.

पहिले पंधरा दिवस माणसं कमी पडत नाहीत. सोयाबीन उभी होती, ती भावकीनं काढून दिली. कुणी पीठ आणलं, कुणी लेकरांना आंघोळी घातल्या. चौदावा झाला की पाहुणे एसटीला लागतात, आणि गावाची कामं गावाला असतात. सोळाव्या दिवशी सकाळी मुलीची वेणी कोण घालणार, हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या पुढं असतो. म्हणून मी चिठ्ठी तेराव्याच्या गर्दीत दिली नाही, माणसं पांगल्यावर दिली.

फोन का नाही, समोर जाऊन का बोललो नाही, असं हिनंही विचारलं. समोर गेलो की तो "हां तात्या, हां तात्या" म्हणतो आणि चहा टाकायला उठतो. म्हणजे त्यालाच माझी सरबराई करावी लागते. फोनवर शेकडो "भावपूर्ण श्रद्धांजली" येऊन पडलेल्या, त्यात माझी एक. कागद तसा नाही. तो खिशात राहतो, रात्री लेकरं निजल्यावर काढता येतो, आणि वाचताना रडू आलं तर कुणी बघत नाही. आपल्याकडं पुरुषाला रडायला जागा फार थोडी आहे.

आता मजकूर. लिहायला बसलं की पहिल्या कागदावर सगळंच येतं. येऊ द्यावं. माझे वहीचे दीड पान झाले. मग धान्य पाखडतात तसं ते पाखडलं. शाळेत व्याकरणात आज्ञार्थ शिकवला होता, आठवतो का? कर, धर, बस, ऊठ, विसर. मी पेन्सिल घेतली आणि ज्या वाक्याच्या शेवटी आज्ञार्थ आला त्यावर रेघ मारली. "लेकरांकडं बघून धीर धर" गेलं. "स्वतःला कामात गुंतवून घे" गेलं. "आईची काळजी घे" गेलं. अर्धं पान तिथंच रिकामं झालं.

ही वाक्यं वाईट मनानं कुणी म्हणत नाही. पण त्याच्या बाजूनं बघा. पंधरा दिवसांत जो आला त्यानं त्याला एक काम सांगितलं. धीर धरायचा हेही कामच आहे, आणि ते जमलं नाही तर बापमाणूस म्हणून आपण कमी पडलो असं वाटायचं. दहाव्याच्या घाटावरच एकानं "लेकरांना आई लागतेच, वर्षाच्या आत बघू" हा विषय काढला होता. तो मान खाली घालून दर्भाची अंगठी फिरवत राहिला. त्या माणसालाही वाटत होतं की आपण धीरच देतोय.

दुसरी चाळणी "काही लागलं तर सांग" या वाक्याला लावली. यात आज्ञार्थ तर आहेच, शिवाय मागण्याचं ओझं त्याच्यावर टाकून आपण मोकळे होतो. ज्याला आज कोणता वार आहे हे कळत नाही, तो काय लागतं ते ठरवून, माणूस निवडून, लाज सोडून कधी सांगणार? कुणीच सांगत नाही.

तिसऱ्या चाळणीत माझं दुःख गेलं. माझे वडील गेले तेव्हाचं मी चार ओळी लिहिलं होतं. मी साठ वर्षांच्या बापाला पोचवलं होतं, त्यानं तीस वर्षांच्या बायकोला पोचवलं. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत. आणि वाचणाऱ्याला उलट माझंच सांत्वन करावं लागलं असतं.

उरलं ते असं:

"चि. ______,
सूनबाई गेली, हे आम्हा दोघांना अजून खरं वाटत नाही.
गेल्या माघात रात्री माझा पाट फुटला होता. तिनं मला हाक न मारता खोरं घेतलं आणि पाणी वळवलं. दुसऱ्या दिवशी हसत म्हणाली, 'तात्या, तुमचं पाणी आमच्या हरभऱ्याला पाहुणं आलं होतं.' पाटावर गेलो की ते आठवतं.
रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात मी माझी मोटर चालू करायला जातोच. त्या आठवड्यात तुझंही पाणी मी देईन. हरभरा निघेपर्यंत. रात्री तू लेकरांजवळ असशील. नको असेल तर भावाजवळ निरोप ठेवलास तरी चालेल, मला राग येणार नाही.
या चिठ्ठीला उत्तर नको.
तात्या"

चिठ्ठीत मी "सूनबाई"च्या जागी तिचं नाव लिहिलं होतं. हे मुद्दाम सांगतो. माणूस गेलं की त्याचं नाव घरात कुणी घेत नाही, घेतलं तर त्याला त्रास होईल म्हणून. पण तो तर दिवसभर तेच नाव मनात घेऊन फिरत असतो. दुसऱ्याच्या अक्षरात ते नाव दिसलं की निदान आपण एकटेच तिला आठवत नाही एवढं कळतं. तिच्याबद्दल "फार गुणाची होती" लिहिण्यापेक्षा घडलेली एक छोटी गोष्ट लिहावी, आणि शक्यतो त्याला माहीत नसलेली. पाट फुटल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. तो त्या दिवशी बाजारला गेला होता. म्हणजे तिची एक नवी आठवण त्याला मिळाली. उद्या मुलीला सांगायला ती उपयोगी पडेल.

आता पाण्याचं. आमच्या फिडरवर आठवडा पालटून लाईट असते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची दहाला येते. शेतकऱ्याला यात नवीन काही नाही. पण आधी तो पाण्यावर जायचा तेव्हा घरात ती असायची. आता रात्री अकराला तो वावरात गेला तर घरी रातांधळी आई आणि दोन लेकरं. धाकटा तर आई गेल्यापासून रात्री दचकून उठतो आणि बापाचा शर्ट चाचपतो. पाणी दिलं नाही तर हरभरा जातो, पाण्यावर गेला तर लेकरू रडतं. ही अडचण त्यानं कुणाला सांगितली नव्हती. शेजारी शेत असल्यामुळं मला ती दिसत होती. त्याचा स्टार्टर माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. मला त्यासाठी वेगळं उठायचं नाही.

एवढ्यासाठीच ती मदत निवडली. जी आपण न चुकता, कुरकुर न करता, स्वतःच्या कामाच्या ओघात करू शकतो तीच कबूल करावी. "तुझी लेकरं ती माझीच" असं लिहायला मलाही सोपं होतं. पण माझं वय छप्पन्न, गुडघे दुखतात, घरी सून बाळंतपणाला आलेली लेक आहे. मोठा शब्द देऊन मार्गशीर्षात हात आखडला, तर त्याला दुसऱ्यांदा कुणीतरी सोडून गेल्यासारखं होतं. लेकरांना तर ते जास्तच कळतं. म्हणून "हरभरा निघेपर्यंत" अशी मुदत लिहिली. मुदत असली की उपकाराचं ओझं कमी होतं, आणि त्याला पुढचे चार महिने मोजता येतात. पुढं गव्हाचं किंवा उसाचं काही असेल तर तेव्हा नवीन बोलणं.

"उत्तर नको" ही ओळ छोटी, पण ती राहू नये. आपल्याकडं चिठ्ठी आली की उलट बोललं पाहिजे, आभार मानले पाहिजेत. तो भार आपणच उतरवून ठेवायचा. आणि नंतर भेटल्यावर "मिळाली का चिठ्ठी?" असं विचारायचं नाही.

काही गोष्टी गरजेच्या होत्या, पण त्या चिठ्ठीत घातल्या नाहीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, दाखला लागतो. एक पालक गेलेल्या लेकरांसाठी बाल संगोपन योजना आहे. हे सगळं मी त्याच्या थोरल्या भावाला सांगितलं, वेगळ्या कागदावर लिहून दिलं आणि एक दिवस त्याच्याबरोबर ग्रामपंचायतीत जाऊन आलो. कागदपत्रं आणि काळीज एका पानावर आलं की दोन्हीकडचं वाचून होत नाही.

चिठ्ठी घडी करून त्याच्याच हातात दिली. मुलीजवळ दिली असती तर तिनं उघडून वाचली असती, तिला आता अक्षरं जुळवता येतात. देऊन लगेच निघालो, बसलो नाही.

चिठ्ठीची ताकद कुठं संपते तेही सांगून ठेवतो. माणूस जेवत नसेल, लेकरांकडं बघणं सोडून दिलं असेल, "मी पण तिच्यामागं जातो" असं काही बोलत असेल, तर लिहीत बसू नये. त्याच्याजवळ माणूस ठेवावा, फवारणीची औषधं त्याच्या घरातनं आणि गोठ्यातनं उचलून आपल्याकडं आणावीत, आणि डॉक्टरला दाखवावं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर बोलता येतं, फोन आपण लावून द्यावा. आमच्या पोराचं तसं काही नव्हतं. तो काम करत होता, खात होता, फक्त गप्प होता. गप्प माणसाला गप्प राहू द्यायला हरकत नाही.

दोन अडीच महिने झाले. रात्रीच्या पाच आठवड्यांचं पाणी झालं. त्यानं भावाजवळ निरोप ठेवला नाही, आभारही मानले नाहीत. पहिल्या आठवड्यानंतर एवढंच झालं की त्याच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप असायचं, ते काढून तिथं नुसती तार अडकवलेली दिसली. परवा दिवसाच्या लाईटला बांधावर भेटला. मुलगी बरोबर होती, वेणी एका बाजूला कललेली. मी वेणीबद्दल बोललो नाही. आम्ही घाट्यातली अळी बघितली. तो म्हणाला, "तुमच्याकडं कमी आहे, तात्या." मी म्हटलं, "पक्षीथांबे लावलेत." मग तिघं थोडा वेळ बसलो.

पुढच्या नोंदीत घाटेअळीचंच लिहितो. तोवर सकाळी शेतात चक्कर मारताना घाटे उलटून बघत राहा.