पासून, पर्यंत आणि मधली रेघ

संदर्भसूची हातात आली की माझी नजर आधी प्रत्येक नोंदीच्या शेवटाकडे जाते. लेखकाचं नाव आणि लेखाचं शीर्षक चुकलं तर वाचकाला लवकर कळतं, कारण ती भाषा असते. शेवटचे आकडे मात्र मुके असतात. पान 321 ते 328 याऐवजी 321 ते 382 छापलं गेलं, तर ते पुस्तक किंवा तो अंक प्रत्यक्ष उघडणाऱ्यालाच चूक सापडते. आणि नेमकं त्याच वाचकासाठी तर आपण सूची छापतो.

शोधनिबंध आणि संशोधनाची पुस्तकं संपादित करताना माझा बराच वेळ या आकड्यांवर, त्यांच्या मधल्या रेघेवर आणि आजूबाजूच्या दोन-तीन अक्षरी संक्षेपांवर जातो. एका शैलीतली सूची दुसऱ्या शैलीत न्यायची असते तेव्हा तर सर्वांत जास्त काम इथेच असतं, कारण प्रत्येक शैली या गोष्टी वेगळ्या तऱ्हेने लिहिते.

दुसऱ्या आकड्यापासून सुरुवात करू. लेख पान 321 वर सुरू होऊन 328 वर संपतो आणि दुसरा एक लेख 101 ते 108 पानांवर आहे. या दोन लेखांची पानं चार शैलींत अशी लिहिली जातात:

```
APA         321–328    101–108
Chicago     321–28     101–8
MLA         321–28     101–08
Vancouver   321-8      101-8
```

एपीए काहीच गाळत नाही. एमएलएमध्ये शंभराच्या पुढे दुसऱ्या आकड्याचे शेवटचे दोन अंक ठेवतात, म्हणून 101 च्या जोडीला 08 येतं. शिकागोचा नियम पहिल्या आकड्यावर ठरतो. पहिला आकडा शंभराच्या आत असेल किंवा नेमका शतकाचा असेल, तर दुसरा पूर्ण लिहायचा, म्हणजे 71–72 आणि 100–104. शतकानंतरच्या एक ते नऊ पानांवर सुरुवात असेल, तर बदललेला भाग तेवढा लिहायचा, म्हणजे 101–8. त्यापुढे किमान दोन अंक ठेवायचे. वैद्यकीय नियतकालिकांतली व्हँकूव्हर पद्धत बदललेला अंक तेवढाच ठेवते आणि मध्ये साधा हायफन घालते. शतक ओलांडलं की मात्र चौघांचं एकमत होतं. 498 ते 532 सगळीकडे तसंच राहतं.

हे नियम पाठ करणं अवघड नाही. अडचण येते ती हस्तलिखितात शैलींची सरमिसळ झालेली असते तेव्हा. लेखकाने काही नोंदी एका नियतकालिकातून उचललेल्या असतात, काही दुसऱ्या पुस्तकाच्या सूचीतून. अशा यादीत 321–8 दिसलं तर ते 328 चं लघुरूप आहे की 338 मधला तिनाचा अंक टंकताना गळलाय, हे नोंदीकडे बघून सांगता येत नाही. सगळी यादी व्हँकूव्हरमध्ये असेल तर पहिला अर्थ धरायला आधार आहे. शेजारच्याच नोंदीत 415–18 असेल तर तो आधार जातो आणि मूळ अंक उघडावा लागतो. 321–18 दिसलं तर चूक असल्याचं लगेच कळतं, कारण 318 हे 321 च्या आधी येतं. पण बरोबर आकडा कोणता, हे तिथेही मूळ अंकच सांगतो.

म्हणून मी लेखकांना एकच आग्रह धरते. आपल्या नोंदवहीत, फाइलमध्ये किंवा संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आकडे नेहमी पूर्ण ठेवा. आखूड करणं हे छपाईआधीचं शेवटचं काम आहे आणि ते नियमाने करता येतं. झोटेरोसारखी सॉफ्टवेअर शैली निवडताच ते स्वतः करतात. आखूड आकड्यांवरून पूर्ण आकडे मिळवायचे, तर आधीच्या माणसाने कोणता नियम पाळला होता हे ठाऊक असावं लागतं आणि ते क्वचितच ठाऊक असतं.

आता मधली रेघ. एपीए आणि शिकागो या दोन्ही शैलींना दोन पानांच्या मध्ये एन डॅश लागतो, म्हणजे हायफनपेक्षा लांब आणि मोठ्या डॅशपेक्षा आखूड रेघ. तिचा अर्थ ‘पासून पर्यंत’ असा आहे. हायफन दोन तुकडे जोडून एक वस्तू करतो. बहुतेक नोंदींत दोहोंतला फरक फक्त दिसण्याचा असतो, पण काही ठिकाणी तो अर्थाचा होतो. तांत्रिक पुस्तिकांमध्ये पानाचा क्रमांकच 3-1, 3-2 असा असतो, म्हणजे तिसऱ्या प्रकरणाचं पहिलं पान, दुसरं पान. तिथे 3-1 ते 3-17 ही पानं लिहायची तर पानाच्या आत हायफन आणि दोन पानांच्या मध्ये एन डॅश लागतो. दोन्हीकडे एकच चिन्ह टाकलं तर वाचणाऱ्याला नोंद फोडता येत नाही.

कळफलकावर एन डॅशची वेगळी कळ नसल्याने हस्तलिखितात सगळीकडे हायफनच येतो. विंडोजवर Alt+0150 ने तो एकेक घालता येतो, पण चारशे नोंदींच्या यादीत हे कोण करणार? म्हणून वर्डमध्ये वाइल्डकार्ड चालू करून असा शोध लावतात:

```
Find:     ([0-9])-([0-9])
Replace:  \1^=\2
```

शोध बरोबर आहे, पण तो सगळ्या यादीवर एका फटक्यात चालवू नये. दोन अंकांमधला हायफन पानांखेरीज आयएसबीएनमध्येही असतो आणि लेखाच्या डीओआय क्रमांकातही असू शकतो. डीओआयमधला एक हायफन लांब झाला की दुवा उघडत नाही, आणि छापील पानावर तो पूर्वीसारखाच निर्दोष दिसतो. त्यामुळे मी एकेक जागा बघत पुढे जाते आणि शेवटी डीओआय असलेल्या नोंदींचे दुवे उघडून पाहते.

दुसरा धोका त्याहून आधी, लेखकाच्या संगणकावर घडतो. बरेच संशोधक संदर्भ एक्सेलमध्ये ठेवतात. पानं 10-12 असं टंकलं की एक्सेल त्याला तारीख समजतं आणि आपल्याकडच्या मांडणीत 10 डिसेंबर करून टाकतं. सूचीत पानांच्या जागी महिना दिसला तर कारण हेच. जोडअंकांचंही असंच होतं. 4-5 हा एप्रिल-मेचा अंक एका दिवसाची तारीख होऊन बसतो. तो स्तंभ टंकण्याआधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवला की हे टळतं. नंतर ठरवून उपयोग नाही, तोवर मूळ आकडे गेलेले असतात.

संक्षेपांकडे वळते. इथे मला सर्वांत शिकवणारं पुस्तक आपल्याच शहरातलं आहे. पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इंग्रजी इतिहास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केला. संशोधकांच्या सूचीत तो मला अनेकदा अशा रूपात भेटतो:

```
Kane, P. V. History of Dharmaśāstra, vol. 5, 1930–62.
```

इथे दोष वर्षांवरूनच ओळखता येतो. 1930–62 ही वर्षं संपूर्ण संचाची आहेत आणि त्यांच्या आधीचा संक्षेप एकट्या पाचव्या खंडाचा आहे. आकड्याआधी एकवचनी संक्षेप आला की ‘पाचवा खंड’, आकड्यानंतर अनेकवचनी आला की ‘पाच खंडांचा संच’. लेखकाने पूर्ण ग्रंथाचा आधार घेतला असेल तर शिकागोत नोंद अशी होते:

```
Kane, Pandurang Vaman. History of Dharmaśāstra. 5 vols.
Poona: Bhandarkar Oriental Research Institute, 1930–62.
```

पाचवाच खंड वापरला असेल तर आणखी विचारावं लागतं, कारण तो दोन भागांत आला, पहिला 1958 मध्ये आणि दुसरा 1962 मध्ये. पहिल्या खंडात तर आवृत्तीही बोलू लागते. 1930 मध्ये तो एकच ग्रंथ होता. त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती 1968 आणि 1975 मध्ये दोन भागांत निघाली. तेव्हा ‘पहिला खंड, पान अमुक’ एवढ्याने वाचक तिथे पोहोचत नाही. एपीएमध्ये ही सगळी माहिती शीर्षकानंतरच्या एका कंसात बसते, आधी आवृत्ती आणि मग खंड:

```
Kane, P. V. (1968). History of Dharmaśāstra (2nd ed., Vol. 1, Pt. 1).
Bhandarkar Oriental Research Institute.
```

या कंसात आवृत्तीचा संक्षेप लहान अक्षराने सुरू होतो. एपीएमध्ये संपादकासाठीही हेच दोन अक्षरांचं रूप आहे, पण ते मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि दोन संपादक असले की त्याला एस लागतो. एवढ्या एका मोठ्या अक्षरावर दोन अर्थ वेगळे राहतात, म्हणून सगळी मोठी अक्षरं लहान करण्याचा आदेश सूचीवर कधी चालवू नये. शिकागोत दोन्ही लहानच असतात आणि अर्थ जागेवरून कळतो. सूचीत संपादकांच्या नावांनंतर संक्षेप आला तर तो त्यांच्यासाठी असतो आणि संपादक दोन असतील तर त्याचं अनेकवचन होतं. तळटिपेत तो नावांच्या आधी येतो तेव्हा त्याचा अर्थ ‘यांनी संपादित केलेलं’ असा असतो, म्हणून संपादक कितीही असले तरी तिथे एस लावत नाहीत. सूचीतून तळटिपेत नोंद उचलताना हा एस बहुतेक वेळा सोबत येतो. मराठी सूचीत ‘आ.’ आणि ‘संपा.’ वेगळेच असल्याने हा पेच पडत नाही, पण ‘खं. 5’ आणि ‘5 खंड’ यांतला फरक मराठीतही तितकाच जपावा लागतो.

राहिला पानांचा संक्षेप. एका पानाला एक पी आणि अनेक पानांना दोन, हे सगळ्यांना माहीत असतं. तो कुठे गाळायचा, यावर गोंधळ होतो. एपीएमध्ये नियतकालिकातल्या लेखाच्या पानांआधी तो येत नाही, कारण खंड आणि कंसातला अंक यांच्यानंतर येणारा आकडा पानांचाच असतो. संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला मात्र तो हवा, नाहीतर पुस्तकाच्या नावानंतरच्या कंसातला आकडा कसला ते कळणार नाही. एमएलएने 2016 च्या आठव्या आवृत्तीपासून दोन्हीकडे तो सक्तीचा केला आहे.

खंडानंतरचा अंक का सोडू नये, हे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या जुन्या-नव्या नोंदी शेजारी ठेवल्या की दिसतं. जुन्या काळात या साप्ताहिकाचे पृष्ठक्रमांक अंकागणिक पुढे चालू राहत, त्यामुळे त्या लेखांची पानं अनेकदा चार आकडी असतात आणि खंड कळला की पानावरून लेख सापडतो. आताचा प्रत्येक अंक एक क्रमांकाच्या पानापासून सुरू होतो. एका खंडात पान 45 डझनावारी वेळा येतं आणि अंकाशिवाय त्या पानाला पत्ताच उरत नाही.

सूची हातावेगळी करण्याआधी मी प्रत्येक नोंदीला शैलीचं पुस्तक मिटून प्रश्न विचारते. वाचकाने एक पान उघडायचं की सलग पानं? एक खंड मागवायचा की सगळा संच? कोणती आवृत्ती? नोंदीतून याचं एकच उत्तर निघालं, तर ती कोणत्याही शैलीत नेता येते. दोन उत्तरं निघाली, तर मी रेघ आणि टिंबं नीट करत बसत नाही. मी लेखकाकडे त्या पुस्तकाच्या नामपृष्ठाचं छायाचित्र मागते.